मुंजीच्या जेवणाचा कागद: केटररला लेखी काय द्यावे

प्रश्न: मे महिन्यात पुण्यात मुलाची मुंज आहे. केटररशी दर आणि मेनू तोंडी ठरलाय: वरण-भात, मसालेभात, अळूची आणि बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, पापड, मठ्ठा, श्रीखंड, सगळं कांदा-लसणाशिवाय, तो म्हणतो, "काळजी करू नका, सगळं होईल." पण माणसं नक्की किती येतील ते सांगता येत नाही, पाहुण्यांत काही जैन आहेत, एका भाच्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आत्याला गहू अजिबात चालत नाही, आणि उरलेल्या अन्नाचं काय करायचं तेही ठरलेलं नाही. त्याला लेखी नेमकं काय द्यावं?

उत्तर:

पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था मी एकोणीस वर्षे पाहिली. त्या काळात जेवणावरून झालेली जी भांडणे मला सोडवावी लागली, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकाच ठिकाणी सापडे. यजमानांनी सगळे काही केटररला सांगितलेले असे, आणि कार्याच्या दिवशी केटरर तिथे नसे. वैशाखातल्या मोठ्या मुहूर्ताला एकेका केटररची तीन-तीन कार्ये असतात. आपल्या कार्यालयात त्याचा मुकादम असतो, दोन आचारी असतात आणि वाढपी असतात, ज्यांतले काही त्या दिवसापुरतेच आलेले असतात. मुकादमाच्या खिशातल्या चिठ्ठीवर "२२० पान, श्रीखंड, मसालेभात, नाश्ता ८" एवढेच लिहिलेले असते. म्हणून आपला कागद केटररच्या नावाने असला तरी तो लिहायचा आहे मुकादमासाठी. तो दोन पानांपेक्षा मोठा नसावा, अक्षर ठसठशीत असावे आणि भटारखान्याच्या भिंतीला चिकटवता यावा. आचाऱ्यांना मराठी वाचता येतेच असे नाही, त्यामुळे "हे घालू नये" या ओळी खाली हिंदीतही लिहून ठेवाव्यात.

आता माणसांचा आकडा. आपण केटररला सांगितलेला "सव्वादोनशे-अडीचशे" हा त्याच्या दृष्टीने आकडाच नाही. त्यातून तो स्वतःला सोयीचे टोक उचलतो: सामान भरताना खालचे आणि बिल करताना वरचे. त्यामुळे कागदावर एकाऐवजी तीन आकडे द्यावेत आणि ते कोणत्या हिशेबाने काढले ते आपल्यापाशी ठेवावे. समजा, आपण ९२ घरांना आमंत्रण दिले आहे आणि त्या घरांत आपल्या घरची ३५ माणसे धरून ३१० माणसे होतात. "सहकुटुंब सहपरिवार" या शब्दांनी आजवर कोणाचीही मोजदाद सोपी केलेली नाही, म्हणून कार्याच्या दहा दिवस आधी प्रत्येक घरी फोन करून "किती जण येणार आणि जेवायला थांबणार का" हे दोन्ही प्रश्न विचारावेत. नक्की म्हणणाऱ्यांची बेरीज १७८ आली, "बघतो, जमवतो" म्हणणारे ८४ निघाले आणि उरलेल्यांनी नकार दिला, असे धरू. नक्की असलेले पूर्ण धरावेत आणि डळमळीत असलेले निम्मे धरावेत, म्हणजे १७८ अधिक ४२ मिळून २२० होतात. हे निम्म्याचे गणित शास्त्र नव्हे, माझा अनुभव आहे. सुट्टीच्या दिवशीच्या कार्याला मी निम्म्यापेक्षा थोडे जास्त धरत असे.

या २२० ला कागदावर "अपेक्षित पाने" म्हणावे, कारण स्वयंपाक याच आकड्याचा होणार आहे. दुसरा आकडा "किमान हमी" हा असतो. तो २०० द्यावा. याचा अर्थ असा की १९० माणसे जेवली तरी आपण २०० पानांचे पैसे देऊ, पण २०८ जेवली तर २०८ पानांचेच देऊ. तिसरा आकडा "कमाल मर्यादा" २३५ चा असावा, आणि तिथपर्यंतची वाढीव पाने ठरलेल्याच दराने मिळतील असे स्पष्ट लिहून घ्यावे. त्याच्याही पुढे माणसे गेली तर काय करायचे, हे त्या गर्दीत ठरवण्याऐवजी आजच ठरवावे. श्रीखंड किंवा अळूची भाजी वीस मिनिटांत वाढवता येत नाही, पण वरण-भात, पुऱ्या आणि पिठले वाढवता येते. म्हणून "२३५ च्या पुढे गेल्यास श्रीखंड दुसऱ्यांदा वाढू नये, वरण-भात व पिठले वाढवावे, त्यासाठी ५ किलो तांदूळ, २ किलो डाळ व २ किलो बेसन वेगळे ठेवावे" असे एक वाक्य लिहिले की मुकादमाला कोणाची परवानगी मागत फिरावे लागत नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की २२० हा आकडा फक्त दुपारच्या जेवणाचा आहे. सकाळच्या नाश्त्याला घरचे आणि बाहेरगावाहून आलेले मिळून ८० असतील, आणि संध्याकाळी भिक्षावळीनंतरच्या चहाला ६० असतील. या वेळा एकाच आकड्याखाली गेल्या, तर २२० माणसांचा उपमा सकाळी साडेनऊला कचऱ्यात जातो. गुरुजी, छायाचित्रकार, सनई-चौघडेवाले आणि गाड्यांचे चालक यांचीही पाने वेगळ्या ओळीत लिहावीत, उदाहरणार्थ "वरील २२० शिवाय १२ पाने". केटररच्या स्वतःच्या माणसांचे जेवण मोजणीत येणार नाही, हेही लिहावे. हे लिहिले नाही, तर पंधरा वाढप्यांची पाने बिलात आलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात कोणाची लबाडीही नव्हती. त्या केटररकडे तशीच रीत होती. लहान मुलांचा नियम प्रत्येकाचा निराळा असतो. पाच वर्षांखालील मोजू नये आणि पाच ते दहा वर्षांचे अर्धे पान धरावे, असे मी लिहून घेत असे.

पाने मोजायची कशी, हेही कागदावर असावे. पंगत असेल तर सोपे आहे. पंगत बसली की पहिला भात पडण्यापूर्वी मुकादम आणि आपल्या घरचा एक माणूस यांनी एकत्र फिरून मोजावे आणि दोघांनी त्याच कागदावर आकडा लिहून सही करावी. बुफे असेल तर ताटांचे २५-२५ चे गठ्ठे टेबलाखाली ठेवायला सांगावे आणि उरलेले गठ्ठे शेवटी मोजावे. पण बुफेत कोणी हात धुवायला जाताना ताट ठेवतो आणि परतल्यावर नवे घेतो, त्यामुळे ताटांची मोजणी नेहमीच माणसांपेक्षा थोडी जास्त निघते. पहिले ताट वाढप्याने हातात द्यावे असे सांगितले, तर हा फरक बराच कमी होतो. घरचा माणूस निवडताना मात्र मुलाचा बाप किंवा मामा निवडू नये. त्यांना त्या वेळी दहा जण हाका मारत असतात.

वेळांच्या बाबतीत "जेवण साडेबाराला" हे वाक्य अपुरे आहे, कारण त्यातून जेवण तयार किती वाजता हवे, वाढायला सुरुवात किती वाजता आणि शेवटची पंगत किती वाजता उठणार, यांतले काहीच कळत नाही. मुंजीत आणखी एक अडचण असते, जिचा अनुभव लग्नाच्या केटररला नसतो. मातृभोजन मुहूर्ताच्या आधी होते. बटू, त्याची आई आणि अष्टवर्गाचे आठ मुंजे अशी दहा पाने सकाळी साडेनऊच्या सुमाराला लागतात, आणि त्या वेळी भटारखान्यात उपम्याची कढई नुकती उतरलेली असते, दुपारच्या डाळीला अजून उकळीही आलेली नसते. कागदावर हे नसेल, तर गुरुजी "मातृभोजनाची पाने आणा" म्हणतात आणि आतून उपमा येतो. मी हे दोनदा पाहिले आहे.

आपल्या कागदातला वेळांचा भाग साधारण असा असावा. मुहूर्त ११ वाजून ४ मिनिटांचा आहे, असे मी येथे गृहीत धरले आहे.

"नाश्ता: ७:३० ला तयार, ९:०० ला बंद, ८० माणसे. 
मातृभोजन: ९:३०, १० पाने. वरण, भात, तूप, एक भाजी, पुरी, श्रीखंड. हा स्वयंपाक वेगळ्या लहान भांड्यांत ९:१५ पर्यंत तयार असावा. 
सरबत: ११:१५ पासून, बसल्या जागी. 
नैवेद्याची २ पाने: १२:००, पंगतीला काहीही वाढण्यापूर्वी. 
पहिली पंगत: १२:३०. दुसरी पंगत: १:३०. यजमानांची पंगत: २:३०, तिच्यासाठी ३५ पानांचे सर्व पदार्थ राखून ठेवावेत. 
भटारखाना बंद: ३:३०. 
चहा: भिक्षावळीनंतर, ६:३०, ६० माणसे. 
पुऱ्या व पापड पंगत बसण्यापूर्वी १५ मिनिटे तळायला घ्यावेत. ही सूचना फक्त खालील एकाच व्यक्तीकडून घ्यावी."

शेवटची ओळ क्षुल्लक वाटते, पण मुंजीचा कार्यक्रम हमखास लांबतो, आणि लांबला की तीन काका आणि दोन आत्या भटारखान्यात जाऊन वेगवेगळ्या सूचना देऊ लागतात. एक म्हणतो "तळायला घ्या", दुसरी म्हणते "अजून अर्धा तास आहे", आणि वीस मिनिटांनी पानात पडणारी पुरी चामड्यासारखी झालेली असते. त्यामुळे एकच नाव आणि एकच फोन नंबर लिहावा. मुहूर्त पाळला गेला तरी पुढचे विधी अर्धा तास सरकू शकतात, हे लक्षात घेऊन "पंगत १:०० पर्यंत पुढे जाऊ शकते, त्यापेक्षा उशीर होणार असल्यास १२:१५ ला कळवू" असे वाक्य घालावे. यजमानांच्या पंगतीसाठी राखून ठेवण्याची सूचनाही विसरू नये. घरचे लोक सर्वांत शेवटी जेवतात आणि तोपर्यंत अळूच्या पातेल्याचा तळ लागलेला असतो. ही आपल्याकडची जुनी रड आहे आणि ती एका ओळीने मिटते.

पंगतीचा हिशेब भोजनगृहाच्या जागेवरून ठरतो. आपल्या कार्यालयात एका वेळी ११० माणसे बसत असतील, तर यजमानांची ३५ वगळून उरलेल्या १८५ साठी दोन पंगती लागतात आणि यजमानांची तिसरी. एक पंगत सावकाश जेवून उठायला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात, आणि टेबले पुसून पुन्हा पाने मांडायला दहा-पंधरा मिनिटे. वर दोन पंगतींत एक तासाचे अंतर ठेवले आहे ते यामुळेच.

पथ्याचा भाग लिहिताना बहुतेक लोक "६ जैन, १ अ‍ॅलर्जी, १ ग्लूटेन-फ्री" असे लिहून मोकळे होतात. मुकादमाला या शब्दांतून काय वगळायचे ते कळत नाही, म्हणून माणसाऐवजी पदार्थ लिहावा आणि पदार्थात काय घालायचे नाही ते लिहावे. जैन पाहुण्यांना आधी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक घरचे नियम सारखे नसतात. साधारणपणे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळे आणि ओले आले वर्ज्य असते, सुंठ आणि वाळलेली हळद चालते. आपल्या मेनूत कांदा-लसूण मुळातच नाही, त्यामुळे अडचण फक्त तीन ठिकाणी येते: बटाट्याची भाजी, कोशिंबिरीतले गाजर आणि मठ्ठ्यातले आले. सहा माणसांसाठी तीन पदार्थ वेगळे करण्याऐवजी बटाट्याच्या जागी सगळ्यांसाठीच कच्च्या केळ्याची भाजी करावी, कोशिंबीर काकडीची करावी आणि मठ्ठ्यात आल्याऐवजी जिरेपूड घालावी. २२० पानांच्या स्वयंपाकात सहा पाने वेगळी ठेवायला जे लक्ष लागते, ते साडेबाराला कोणाकडेच नसते. जैन पाहुण्यांपैकी कोणी चौविहार पाळणारे असतील, तर त्यांचे संध्याकाळचे खाणे सूर्यास्तापूर्वी व्हायला हवे, म्हणजे त्यांच्यापुरता चहा-फराळ ६:३० ऐवजी ६:०० ला ठेवावा लागेल.

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीला मात्र हा उपाय पुरत नाही, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. आपल्या पानात शेंगदाणा कुठे-कुठे लपलेला असतो ते पाहा: अळूच्या भाजीत अख्खे दाणे असतात, कोशिंबिरीत कूट असते, सुक्या चटणीत असते, उपवासाच्या ताटातल्या साबुदाण्याच्या खिचडीत तर असतेच, आणि बरेच आचारी भाजीचा रस दाट करायला न विचारता मूठभर कूट टाकतात. अळूतले दाणे बाजूला काढून ती भाजी भाच्याला वाढणे म्हणजे पथ्य पाळणे नव्हे, कारण अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर रसात उतरलेला अंशही पुरतो. म्हणून कागदावर असे लिहावे: "कोशिंबीर व केळ्याची भाजी यांत दाण्याचे कूट घालू नये. एका मुलाचे पान (वरण, भात, तूप, केळ्याची भाजी, कोशिंबीर, श्रीखंड) इतर सर्व वाढप सुरू होण्यापूर्वी, धुतलेल्या वेगळ्या पळीने काढून झाकून ठेवावे आणि ते फक्त त्याच्या आईच्या हातात द्यावे. स्वयंपाकाचे व तळणीचे तेल कोणते आहे ते मुकादमाने आधी सांगावे." तळणीला शेंगदाण्याचे तेल वापरले जात असेल, तर त्या मुलाला पुरी-पापड देऊ नये. एवढे करूनही ज्या भटारखान्यात सकाळपासून कुटाचा डबा उघडा आहे, तिथे पूर्ण खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि जो केटरर अशी खात्री छातीठोकपणे देतो त्याच्यावर मी कमी विश्वास ठेवला असता. भाच्याला पूर्वी श्वास लागण्याइतका त्रास झालेला असेल, तर त्याचा डबा घरून आणावा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध त्याच्या आईच्या पर्समध्ये असावे.

आत्याचे गव्हाचे पथ्य सीलिॲक या आजारामुळे असेल, तर पुरी न वाढणे एवढ्याने ते पाळले जात नाही. मला हे एका पाहुण्या बाईंनीच शिकवले. त्यांनी पुरी, शिरा काहीही घेतले नव्हते, वरण-भात तेवढा खाल्ला होता आणि तरीही त्रास झाला. त्यांनी आचाऱ्याचा हिंगाचा डबा मागवला आणि त्यावरचे घटक मला वाचून दाखवले. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि तो वरणाच्या फोडणीपासून गोड्या मसाल्यापर्यंत सगळीकडे पोचतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आपण स्वतः विकत आणून मुकादमाच्या हातात द्यावा. दुसरे ठिकाण तळणीचे. मैदा मिसळलेला हिंग नसलेला उडदाचा पापड आत्याला चालतो, पण ज्या कढईत पुऱ्या तळल्या त्याच तेलात तो तळला तर चालत नाही, आणि कुरडई तर गव्हाच्याच चिकाची असते. म्हणून "सकाळी ताज्या तेलात प्रथम १० पापड तळून झाकून ठेवावेत, त्यानंतर पुऱ्या व कुरडया" असे लिहावे. मसालेभाताचा मसाला तयार आणलेला असेल, तर त्याच्या पाकिटावरचे घटक वाचावेत, अन्यथा आत्याला साधे वरण-भात वाढावे.

मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत साखरेपेक्षा घड्याळ महत्त्वाचे असते. इन्सुलिन किंवा गोळी वेळेवर घेऊन बसलेल्या आजोबांची पंगत पाऊण तास लांबली, तर त्यांची साखर खाली जाऊ शकते. एका कार्यात असे एक गृहस्थ खुर्चीतच घामाघूम होऊन बसलेले मला दिसले होते, आणि त्या वेळी त्यांना जवळच्या सरबताचा पेला देणे हाच उपाय होता. तेव्हापासून मी कागदावर एक ओळ घालत आलो: "मुहूर्ताला कितीही उशीर झाला तरी १२:३० ला ८ ज्येष्ठांची पाने बाजूच्या खोलीत वाढावीत." उपवासाची पाने असतील तर त्यांत कोथिंबीर आणि जिरे चालतात का, हे त्या-त्या पाहुण्यांना विचारून लिहावे, कारण यावर दोन घरांचे एकमत होत नाही.

ही सगळी पाने नेमकी त्या माणसासमोर पोचायला हवीत. त्यासाठी पहिल्या पंगतीत शेवटच्या टेबलाची एक बाजू राखून ठेवावी, प्रत्येक पानाजवळ नावाची चिठ्ठी ठेवावी आणि त्या बाजूला एकच ठरलेला वाढपी असावा. त्या वाढप्याचे नाव सकाळीच विचारून कागदावर लिहून घ्यावे.

उरलेल्या अन्नाबद्दल पहिला प्रश्न ते कोणाच्या मालकीचे, हा असतो आणि तो लिहिल्याशिवाय सुटत नाही. आपण पानाप्रमाणे पैसे देतो, भांड्याप्रमाणे देत नाही, त्यामुळे उरलेले अन्न स्वतःचे आहे असे केटरर मानतो, आणि २०० पानांची हमी भरली म्हणून यजमान ते आपले मानतात. दोघांचेही म्हणणे थोडे-थोडे खरे आहे. मी असे लिहून घेत असे: "उरलेल्या शिजवलेल्या अन्नावर पहिला हक्क यजमानांचा. यजमानांनी न घेतलेले अन्न केटररने दुसऱ्या कोणत्याही कार्यात वाढू नये." दुसरे वाक्य मे महिन्यात फार गरजेचे आहे, कारण त्याच केटररचे संध्याकाळी दुसरीकडे कार्य असते.

उरलेले अन्न तीन प्रकारचे असते आणि कागदावर तिघांची वाट वेगळी हवी. भटारखान्यातून बाहेर न आलेले झाकलेले अन्न देता येते. वाढपाच्या बादल्यांत फिरून आलेले अन्न कोणालाही देऊ नये. पानात टाकलेले अन्न ओल्या कचऱ्यात जाते, त्यात द्रोण-पत्रावळी चालतील, पण प्लास्टिकचे चमचे आणि पाण्याच्या बाटल्या वेगळ्या व्हायला हव्यात.

देण्याजोग्या अन्नाचे खरे शत्रू वेळ आणि ऊन हे आहेत. अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम असा की गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावे. मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी भटारखान्याचे तापमान सहज चाळिशीच्या आसपास असते, म्हणजे नेमके मधले. भाताचे विशेष सांगायला हवे. कच्च्या तांदळात असलेले एका जिवाणूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते पुन्हा वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष भात परत गरम केला तरी नाहीसे होत नाही. वास येत नाही, चवही बदललेली नसते. माझ्या घरच्याच एका मुंजीत मसालेभात खोल डब्यात गच्च भरून गाडीच्या डिकीत ठेवला गेला, आणि रात्री तो गरम करून खाल्लेल्या चौघांना उलट्या झाल्या. डबा उघडला तेव्हाही मधला भात गरम होता, आणि म्हणूनच तो चांगला आहे असे सगळ्यांना वाटले. खोल डब्यात मधला भात तासन्‌तास निवत नाही, हेच तर धोक्याचे असते.

त्यामुळे कागदावर असे लिहावे: "प्रत्येक पातेल्याच्या झाकणावर पदार्थ उतरवल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहावी. दुसरी पंगत बसल्यावर १:४५ ला मुकादम व यजमानांचा प्रतिनिधी यांनी उरणाऱ्या अन्नाचा अंदाज घ्यावा. यजमानांच्या पंगतीची ३५ पाने बाजूला काढून, न उघडलेली पातेली शेगडीवर गरम ठेवावीत. अन्न नेणाऱ्या संस्थेची गाडी २:१५ ला येईल. ३:०० नंतर भात, वरण, भाजी, मठ्ठा, कोशिंबीर व बाहेर राहिलेले श्रीखंड कोणालाही देऊ नये." हा निर्णय पावणेदोनला घेणे अनेकांना घाईचे वाटते, कारण "शेवटपर्यंत बघू" अशी आपली सवय असते. पण साडेतीनला उरलेला भात द्यायला निघालो, तर तो संध्याकाळी सातला जेवणाऱ्यांच्या पानात पडेपर्यंत फुकट गेलेला असतो. पुऱ्या, लाडू, पापड आणि न कापलेली फळे यांना ही घाई नाही. ती संध्याकाळी घरी नेली तरी चालतात. श्रीखंडाचा जो डबा सकाळपासून बर्फात होता आणि उघडलाच नाही, तोही नेता येतो.

अन्न देण्याची संस्था दोन दिवस आधी ठरवावी आणि तिला तीन गोष्टी विचाराव्यात: किती माणसांचे अन्न घेऊ शकता, किती वाजता वाढणार, आणि तोपर्यंत ठेवायला फ्रीज आहे का. वाढदिवस, मुंजी, लग्ने यांच्या हंगामात आश्रमांकडे एकाच दिवशी तीन ठिकाणचा मसालेभात येतो आणि ते नम्रपणे घेतात, हे मला एका व्यवस्थापकांनी स्वतः सांगितले होते. शिजवलेले जादा अन्न गोळा करून वाटण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत, आणि नियमितपणे हे काम करणाऱ्या संस्था त्यामुळे पदार्थाचे नाव, शाकाहारी असल्याची नोंद आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी मागतात. ती चिठ्ठी झाकणावरच्या चिकटपट्टीवरून दोन मिनिटांत होते. चिठ्ठीवर "शेंगदाणे आहेत" हेही लिहावे. घरी न्यायच्या अन्नासाठी उथळ, पसरट डबे आपण स्वतः आणावेत, कारण केटररकडे त्या वेळी असतात ते खोल पिंपासारखे डबे.

कागदाच्या तीन प्रती काढाव्यात: एक केटररच्या सहीने आपल्याकडे, एक त्याच्याकडे आणि एक भिंतीवर. किमान हमीचा आकडा कार्याच्या तीन दिवस आधी संध्याकाळपर्यंत पक्का करावा, कारण त्यानंतर केटररचा भाजी-दुधाचा सौदा झालेला असतो. बदल फोनवर सांगितला तरी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावा आणि "मिळाले" असे उत्तर घ्यावे. कार्याच्या दिवशी पहाटे केटररचा टेम्पो सामान उतरवायला येतो, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने हिंगाचे पाकीट आणि कागद घेऊन तिथे हजर राहावे आणि मुकादमासमोर पथ्याच्या ओळी एकदा मोठ्याने वाचाव्यात. तेवढ्या वेळात कुटाचा डबा कुठल्या फळीवर ठेवला आहे, हेही त्याला दिसते.